सहा खांबांची नवी तारीख

आषाढातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी नवाच्या सुमारास, बाबली मेस्त या सुताराला कळले की सहाचे सहा ओंडके गेले.

कळवले ते जेसीबीवाल्या स्वप्नीलने. तो सावंतवाडीकडचा, मुळगावात रस्त्याच्या कामावर होता. बाबलीच्या कारखान्यासमोर गाडी थांबवून तो वरूनच म्हणाला, "मेस्तांनू, तुमची लाकडां जुन्या खणीत होती ना? रातचो डोंगर सुटलो तेच्यावर."

बाबलीने हातातला रंधा खाली ठेवला आणि चालत गेला. खाण बंद पडून वर्षे झाली होती. खड्ड्यात बारमाही पाणी, काठावर काढून टाकलेल्या मातीचा डोंगर. तो डोंगर अर्धा पाण्यात उतरला होता. जिथे फणसाचे ओंडके दगड बांधून बुडवले होते, तिथे आता लाल चिखलाचे पटांगण झाले होते. दोर बांधलेले काजूचे झाडसुद्धा राहिले नव्हते.

काठावर दहाबारा माणसे जमली होती. निम्मी मोबाइलवर फोटो काढत होती. माती पडलेली पाहायला यायचे, तिचा फोटो काढायचा आणि घरी जाऊन तोच फोटो पुन्हा पाहायचा; यांना दुसरे काम नाही. बाबलीने त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही.

"काढता येतील?" त्याने स्वप्नीलला विचारले.

"वीस फूट माती आसा. मी मशीन घेऊन उतरलंय तर माकाच काढूक दुसरा मशीन हाडूक लागात."

एवढे बोलणे पुरे होते. लाकूड पाण्यात ठेवायचे ते चीक निघावा, किडा लागू नये म्हणून. तीन महिने पुरतात. मार्गशीर्षात बुडवलेले ओंडके चैत्रात बाहेर काढून सावलीत सुकायला लावायचे होते. आता आषाढ होता. बाबली घरी आला, पाय धुतले आणि पेज न जेवताच बसून राहिला.

ते ओंडके साधे नव्हते. पेडण्यातल्या पार्से गावी देवस्थानाच्या जमिनीत एक जुना फणस होता. देवळाच्या सभामंडपाला सहा नवे लाकडी खांब करायचे ठरले, तेव्हा देवाला कौल लावून तोच फणस मागून घेतला होता. देवाने उजवी पाकळी दिली, म्हणजे होकार दिला, मग झाडाला कुऱ्हाड लागली. खांब कार्तिकातल्या जत्रेआधी उभे करायचे, असा शब्द बाबलीने दिला होता. खरे तर त्याच्या वतीने तो शब्द त्याच्या बायकोने दिला होता. तारा पार्सेची माहेरवाशीण. देवस्थानाच्या समितीत कोणी तरी शंका काढली की मुळगावचा मेस्त एवढ्या लांब येऊन वेळेवर काम करील का, तेव्हा ती सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली होती, "माझो घोव तारीख चुकवचो नाय. चुकलो तर माका विचारा."

तारा शिमग्यात गेली. आता विचारायचे कोणाला?

*

दुपारी गौरेश आला. बाबलीच्या बहिणीचा मुलगा, तिशीतला. कारखान्याची पत्रे, फोन, परवाने हे सगळे तो बघायचा. सुतारकामात त्याला गती नव्हती, पण बोलण्यात होती. बाबलीच्या मते जगात अशीच माणसे वाढत चालली होती. खुर्ची करता येत नाही, पण खुर्चीवर बसून बोलता येते.

"मामा, पहिली गोष्ट, घाबरायचं नाही," गौरेश म्हणाला.

"मी घाबरलेला दिसतो तुला?"

"नाही, पण समितीला आत्ता काही सांगायचं नाही. चतुर्थी होऊ दे. दसरा होऊ दे. मग पत्र देऊ. जत्रा तोंडावर आली की त्यांना भांडायला वेळ राहात नाही."

"म्हणजे माणूस पाण्यात पडला की त्याला सांगायचं, नाव फुटली आहे."

गौरेशने न ऐकल्यासारखे केले आणि लॅपटॉप उघडला. पत्र त्याने तयारच करून आणले होते. वाचू लागला. "आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, काही अपरिहार्य कारणांस्तव तसेच आमच्या कुटुंबात घडलेल्या दुःखद प्रसंगामुळे—"

"थांब."

"काय झालं?"

"कुठला प्रसंग?"

गौरेश जरा अडखळला. "मामी गेली तो. मामा, खरंच आहे ते. तू चैत्रात खाणीवर गेला नाहीस, कारण मामी गेली होती. पार्सेच्या लोकांची ती लेक. एवढं वाचलं की कोणाच्या तोंडून शब्द फुटणार नाही."

बाबलीने त्याच्याकडे असे पाहिले, जसे तो कीड लागलेल्या फळीकडे पाहात असे. फेकायची की जाळायची, एवढेच ठरवायचे असते.

"पुढे वाच," तो म्हणाला.

पुढे होते की सुधारित वेळापत्रकानुसार काम शिमग्यापर्यंत पूर्ण होईल आणि झालेल्या गैरसोयीबद्दल कारखान्यातर्फे देवळाला रोषणाईचा संच सप्रेम भेट मिळेल, 'सौजन्य' अशा पाटीसह.

"शिमग्यापर्यंत खांब कसे होतील?"

"दुसरं लाकूड विकत घेऊ. सुकलेलं मिळतं. रंग दिला की फणस काय नि दुसरं काय."

"कौल त्या फणसाला दिला होता."

"देव काय लाकूड घासून बघणार आहे?"

"देव नाही. मी बघणार आहे. दर जत्रेला."

गौरेश हसला. मामाचे असले बोलणे तो दर वेळी हसण्यावारी नेत असे. "बरं, मग शिमगा नको. मे महिना घालू. नाही झालं तर पुन्हा वाढवून घेऊ."

"एकदा उशीर झाला तर मेस्त चुकला म्हणतात," बाबली म्हणाला. "दुसऱ्यांदा झाला की मेस्त लबाड म्हणतात. तारीख द्यायची ती एकदाच. कागद आण. मी सांगतो ते लिही."

गौरेशने लिहिले. तोंड वाकडे करत लिहिले, पण लिहिले.

*

देवस्थानची समिती बुधवारी संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत बसली. बाबलीनेच फोन करून बैठक मागितली होती. अध्यक्ष सखाराम, म्हणजे ताराचा थोरला भाऊ. पंचायतीत दोनदा निवडून आलेला, तिसऱ्यांदा पडलेला, आणि तेव्हापासून देवळात स्थिर झालेला माणूस. त्याने खांबांच्या उद्‍घाटनाचा संगमरवरी फलक आषाढातच कोरून घेतला होता. तारीख, तिथी, मंत्र्यांचे नाव, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत सखारामचे नाव. खांब नाहीत, फलक तयार. फलक भिंतीला टेकवून ठेवला होता, तोंड बाहेर करून.

सचिव सोनाली. पेडण्यात बँकेत नोकरीला, दीड वर्षामागे सचिव झालेली. समितीतली बाकीची चार माणसे चहा पिण्यापुरती होती. ती तेच करत होती.

"या भावोजी," सखाराम म्हणाला. "तब्येत कशी? जेवणाखाणाचं कोण बघतं?"

"मी बघतो. सखारामदादा, खांब यंदाच्या जत्रेला होणार नाहीत."

बाबलीने सगळे सांगितले. ओंडके जुन्या खाणीत बुडवले होते. पार्सेच्या तळीत बुडवायचे सोडून तिथे का, तर घराजवळ पडते म्हणून. चैत्रात काढायचे ते काढले नाहीत. सोमवारी माती सुटली. सहाही गेले. खांबांखालची जोती घडवून झाली आहेत, छताच्या किंदळ लाकडाच्या फळ्या तयार आहेत, त्या कारखान्यात कोरड्या आहेत, कोणीही येऊन बघावे. खांब मात्र नाहीत आणि त्यांचे लाकूडही नाही.

"अरे देवा," चहावाल्यांपैकी एक म्हणाला. तेवढे म्हणून तो पुन्हा चहाकडे वळला.

सखारामने आधी फलकाकडे पाहिले. मग दार लोटून घेतले आणि आवाज खाली आणला. "भावोजी, मंत्र्यांना सांगून झालंय. पेपरला गेलंय. तुम्ही असं करा, कुठलं तरी सुकं लाकूड आणा, खांब उभे करा. कौलाचं मी बघतो. हे आपल्यात राहील."

गौरेश मामाच्या मागे बसला होता. त्याने मान हलवली. बाबलीला ती मान न बघताच दिसली. दोन गाव, दोन माणसे, डोके एकच.

"नाही," बाबली म्हणाला.

"मग गावाला काय सांगायचं? जत्रेला लोक विचारतील."

"सांगा, मेस्ताने चूक केली."

सखारामने उसासा टाकला. मोठ्या माणसाने टाकावा तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तसं नको. तुमचं नाव कशाला खराब? आपण म्हणू, बहीण गेली, त्या दुःखात काम मागे पडलं. गाव समजून घेईल. शेवटी ताराच इथली. तिच्यासाठी गाव वर्षभर थांबेल."

ताराच्या आजारपणात हा भाऊ दोनदा आला होता. एकदा येताना सफरचंदे घेऊन आला होता आणि जाताना त्यातली दोन परत घेऊन गेला, डायबिटीस असलेल्या बायकोला चालतात म्हणून. आता तोच माणूस तिच्या नावाची ढाल करून पुढे धरत होता. बाबलीने आवाज चढवला नाही.

"सोनाली, बाय, तू लिहिते आहेस ना?"

"लिहिते, काका."

"मग नीट लिही. तारा फाल्गुनात गेली. बाराव्यापर्यंत मला कोणी बोल लावू नये. तेराव्या दिवसापासून मी मोकळा होतो. हात चालत होते, पाय चालत होते. खाण घरापासून दहा मिनिटांवर. चैत्र गेला, वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. मी गेलो नाही. रोज म्हणालो, उद्या जाऊ. दोघांनी सांगितलं की डोंगराची माती भुसभुशीत झाली आहे, त्यांना मी मूर्ख म्हणालो. उशीर माझ्या आळसाने झाला. तिच्या मरणाने नाही. ती असती तर तिने मला चैत्रातच हाकलून लावलं असतं."

सोनाली लिहीत होती. मग तिने मान वर केली. "काका, आता कधी होणार?"

हा बैठकीतला पहिला कामाचा प्रश्न होता.

"पुढच्या वर्षीच्या कार्तिकात. जत्रेआधी आठ दिवस."

"वर्षभर?" सखाराम ओरडला. "मी दुसरा मेस्त आणतो. तीन महिन्यांत करून देईल."

"देईल. ओलं लाकूड उभं करील. दोन उन्हाळ्यांत त्याला चिरा पडतील, मग तुम्ही त्यात सिमेंट भरा आणि वर रंग मारा. सखारामदादा, तुमच्या फलकाला ते शोभेल."

चहावाल्यांपैकी एक फिसकन हसला आणि लगेच खोकला. सखारामचे कान लाल झाले.

सोनालीने वही उलटली. "टप्प्याटप्प्याने सांगा, काका. प्रत्येक टप्प्याला काय झालेलं असेल, ते मला इथे हवं. नाही तर वर्षभराने आम्ही पुन्हा इथेच बसू."

या मुलीला काम कळते, असे बाबलीला वाटले. त्या दिवसात त्याला कोणाबद्दल काही बरे वाटले असेल तर तेवढेच. त्याने खिशातला कागद काढला. "श्रावणात नव्या झाडाला कौल. कौल मिळाला की त्याच दिवशी वनखात्याकडे तोडीचा अर्ज. परवानगीला दोन महिने धर, म्हणून कार्तिकातल्या अवसेच्या पंधरवड्यात तोड. मार्गशीर्षापासून माघापर्यंत पाण्यात. या वेळी तुमच्याच तळीत, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत सावलीत. आषाढात कोरायला घेणार. चतुर्थीला दोन खांब तयार, दसऱ्याला चार. तेव्हा तुम्ही मुळगावला येऊन बघायचं. सहावा उभा राहील तो जत्रेआधी."

"आणि मधे काही चुकलं तर?"

"चुकायच्या आधी सांगीन. चुकल्यावर नाही. आणि लाकूड कापून दाखवेपर्यंत तुमच्याकडून पुढचा एक पैसा घेणार नाही."

"यंदाच्या जत्रेचं काय?" सखारामने विचारले. "काला आहे. दशावतारी येणार. मंडपाचं छत उतरवून ठेवलंय. लोक उघड्यावर बसणार?"

गौरेश पुढे सरकला. "त्यासाठी आमच्यातर्फे सदिच्छा म्हणून रोषणाईचा—"

"गप," बाबली म्हणाला. "दिव्याच्या माळा लावून खांब नाहीत ते झाकतं काय? दादा, जत्रेला मी पोफळीचा मंडप घालतो. खांब पोफळीचे, वर माडाची झावळं, दशावतारासाठी फळ्यांचा रंगमंच. लाकूड माझं, हात माझे. जत्रेआधी चार दिवस उभा, नंतर आठ दिवसांत मीच काढणार. याला मजुरी नाही, पाटी नाही. ही भेट नाही, तुमची गैरसोय मी केली ती भरून काढतो."

"पाटी नाही?" सखारामला हे पटेना. "पण लोकांना कळायला नको का, कोणी केलं?"

"कोणी उशीर केला ते कळलं की पुरे."

*

समितीने ठराव केला. काम बाबलीकडेच राहील, पण त्याने स्वतः देवासमोर उभे राहून झालेले सांगायचे आणि नवे झाड मागायचे. ही अट सखारामची होती. बाबलीला वाकवायचे असेल तर देवासमोर वाकेल, असा त्याचा हिशेब असावा. बाबलीला त्यात काही जड वाटले नाही. खरे गिऱ्हाईक तिथेच बसले होते. समिती आपली मधली माणसे.

झाड कुठले, हाही प्रश्न होता. देवस्थानच्या जमिनीत दुसरा फणस खांबांजोगा नव्हता. शेवटी सखारामच्याच कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, एक निघाला. सरळ, जाड, शंभर वर्षांचा. सखाराम आधी नाही म्हणाला, मग फणस दिल्याचे फलकावर कोरता येईल हे ध्यानात आल्यावर हो म्हणाला. माणसाला चांगुलपणा शिकवता येत नाही, पण छिन्नी दाखवली की तो जागेवर येतो.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी कौल लावला. भटजींनी देवाला स्नान घातले, अंगावर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गर्भागाराच्या उंबऱ्याबाहेर गाव जमले होते. ताराच्या लहानपणच्या मैत्रिणीही होत्या. त्यांतली एक बाबलीच्या अंगावर खेकसली, "तारान शब्द दिल्लो, मेस्तांनू."

"ठाऊक आहे," बाबली म्हणाला.

मग तो पुढे झाला, हात जोडले आणि गाऱ्हाणे घातले. भटजी शब्द सांगत होते ते त्याने घेतले नाहीत. "देवा, तू दिलेलं लाकूड मी घालवलं. माझ्या हलगर्जीपणाने घालवलं. माझ्या बायकोचा त्यात काही दोष नाही. दुसरं झाड मागतो. सखारामदादाच्या कुळागरातला फणस. देणार असशील तर उजवी दे."

माणसे वाट पाहात राहिली. समई तेवत होती. पाकळ्या जिथे होत्या तिथेच होत्या. अर्धा तास गेला, तास गेला. भटजींनी पुन्हा विचारले. दीड तासाने मुले खेळायला गेली, बायका जेवण करायला गेल्या. सखाराम फोनवर मंत्र्यांच्या माणसाशी बोलत बाहेर फिरत होता. बाबली उभाच राहिला. त्याला राग आला, मग रागाचाच राग आला. तीन महिने देवाचे लाकूड पाण्यात विसरणाऱ्या माणसाला देवाने दोन तास थांबवले, तर त्याने तोंड उघडू नये.

दोन तासांनी भटजी बाहेर आले. "पाकळी सुटत नाही. देव आज बोलत नाही. चतुर्थी झाल्यावर पुन्हा लावू."

गौरेश कानाशी लागला. "मामा, हे समितीला सांगायचं कशाला? त्यांच्या वहीत श्रावण आहे, आपण तोवर—"

बाबलीने त्याला पुढे बोलू दिले नाही. सोनाली ओसरीवर बसली होती. तो तिच्याकडे गेला. "बाय, पहिला टप्पा सरकला. कौल आता चतुर्थीनंतर. लिही."

"तोडीची तारीख?"

"अर्जाला दोन महिने धरले होते, आता जेमतेम तेवढेच राहतात. उद्या पेडण्याला वनखात्यात जाऊन विचारतो, परवानगी किती लवकर होते ते. कार्तिक धरता येईल असं म्हणाले तर कार्तिकच. नाही म्हणाले तर परवा तुला नवी तारीख. तारीख माहीत नसताना मी देणार नाही."

सोनालीने लिहिले. तिने 'का' विचारले नाही. बाबली दुपारच्या बसने मुळगावला आला आणि संध्याकाळी पोफळीच्या मंडपासाठी किती खांब लागतील ते मोजायला बसला.

कौल मिळालेला नाही. झाड ठरलेले नाही. झाड ठरल्याशिवाय अर्ज करता येत नाही, म्हणून अर्जही झालेला नाही. पार्सेच्या सभामंडपात सहा जोती आहेत आणि त्यांच्यावर अजून काही नाही.